आमचा हॉल काय देतो

दिवाळीच्या तोंडावर हॉलला रंग काढला. इंदिरानगरातला आमचा टूबीएचके, दुसरा मजला, रंगाला कार्डावर काहीतरी मलईचं नाव होतं, भिंतीवर आल्यावर आपला साधा पांढरट. पेंटरने तीन दिवस सांगून अकरा दिवस घेतले (हे इथे लिहायचं नव्हतं, पण मनात अजून आहे). बाराव्या दिवशी सोफा जागेवर, पडदे धुऊन लावलेले, टीपॉयवर त्या वर्षीचे चार दिवाळी अंक पंख्यासारखे मांडलेले, मी एकदम खुश. तेवढ्यात पुतणी आली, सानिका, कॉलेजला सेकंड इयर. दारातच थांबली, चप्पल पण काढली नाही, एक फोटो मारला, स्टोरीला टाकला आणि खाली लिहिलं, "इट्स गिव्हिंग डेंटिस्टची वेटिंग रूम".

मी म्हटलं, कोण देतंय? कोणाला देतंय? ती म्हणे काका, तसं नसतं, हॉल देतोय, कोणाला असं नाही, नुसता देतोय. आता आपल्याला दे म्हटलं की समोर घेणारा लागतो, वाण्याला पैसे दे, सुनेला किल्ली दे. मग माझंच डोकं चाललं, म्हटलं थांब, गाय दूध देते तेव्हा कोणाला देते ते कुठे सांगतो आपण? म्हणजे गाय दूध देते तसा आमचा हॉल डेंटिस्ट देतो?

"एक्झॅक्टली काका," ती म्हणाली आणि फ्रिजकडे गेली.

मी माणूस सरळ आहे. कोणी सांगितलं रंग पोपडे धरतोय, तर पेंटरला फोन लावेन. पडदा आखूड आहे म्हटलं, तर खाली फॉल लावू. तिला विचारलं, नेमकं काय चुकलंय ते सांग, मी दुरुस्त करतो. तर म्हणे चुकलं काहीच नाहीये, व्हाइब आहे. आता व्हाइबला कुठला मिस्त्री बोलवायचा!

पण रात्री झोप येईना, म्हणून उठून हॉलमध्ये उभा राहिलो आणि एकेका वस्तूकडे संशयाने बघायला लागलो. पहिला संशय ट्यूबवर. एलईडी, खोक्यावर 6500 के लिहिलेलं, म्हणजे एकदम पांढरा निळसर उजेड, ज्यात दातातली कीड दिसते. दुसऱ्या दिवशी जाऊन 2700 के वाले पिवळे बल्ब आणले. संध्याकाळी सानिकाला व्हिडीओ कॉल लावला. ती दोन सेकंद बघून म्हणाली, "इट्स गिव्हिंग परमिट रूम." हिने स्वयंपाकघरातून ऐकलं आणि बल्ब तिथल्या तिथे उतरवायला लावले.

मग खुर्च्या. चार खुर्च्या भिंतीला पाठ लावून ओळीने होत्या, कारण समोर टीव्ही आहे, दुसरीकडे ठेवायच्या कुठे? तरी दोन इकडे दोन तिकडे समोरासमोर लावल्या, मध्ये टीपॉय. "इट्स गिव्हिंग मुलगी बघायचा कार्यक्रम." बरं. प्लास्टिकचं झाड गॅलरीत टाकलं, घड्याळ आतल्या खोलीत नेलं, सोफ्यावर विटकरी रंगाच्या दोन उशा आणल्या, साडेतीनशेला एक. त्यावर जे आलं ते सगळ्यात जिव्हारी लागलं. "इट्स गिव्हिंग ट्राय करतायत."

सगळं परत जसं होतं तसं लावलं. ट्यूब परत, ओळ परत, झाड परत. आणि या भानगडीत मला एक गोष्ट कळली, की ट्यूब एकटी दवाखान्याची नाही, ओळीतल्या खुर्च्या एकट्या दवाखान्याच्या नाहीत, दिवाळी अंक तर नाहीतच नाहीत, प्रत्येकाला वेगळं उभं केलं तर सगळे निर्दोष सुटतात आणि एकत्र बसले की दात दुखायला लागतो. तिच्या वाक्यातला तो "इट" म्हणजे यातली कुठलीच वस्तू नाही, सगळ्यांनी मिळून केलेली हवा आहे. म्हणून दुरुस्ती करता येत नाही.

आणि अजून एक चलाखी आहे त्यात. मी म्हटलं असतं "मला हा हॉल दवाखान्यासारखा वाटतो", तर त्यात मी आलो ना, मला, म्हणजे लगेच कोणीतरी म्हणणार तुला वाटतं, आम्हाला नाही वाटत, तुझी नजरच तशी, मिटला वाद. इथे "मला" गायबच. निकाल लागला, पण न्यायाधीश खुर्चीत नाही. देणारा हॉल आणि पुतणी फक्त पोस्टमन. भांडायचं तरी कोणाशी?

हे पोरींनी परवा काढलेलं फॅड असणार असं मी धरून चाललो होतो. तसं नाहीये. सानिकानेच सांगितलं, मग मी पण बसून वाचलं. न्यूयॉर्कमध्ये, हार्लेमच्या बाजूला, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समाजातल्या गे आणि ट्रान्स लोकांचे बॉल भरायचे, अजून भरतात, त्या मंडळींच्या बोलीतून हे आलंय. बॉल म्हणजे नाचाची पार्टी नाही, स्पर्धा असते. वेगवेगळ्या कॅटेगरी, त्यात माणूस चालत येतो आणि समोर टेबलावर परीक्षक बसलेले, ते दहाचे फलक वर करतात नाहीतर बाद करतात. एक कॅटेगरी "एक्झिक्युटिव्ह रिअलनेस", म्हणजे सूट घालून, बॅग घेऊन असं चालायचं की रस्त्यावर बघणाऱ्याला वाटावं हा मोठ्या कंपनीतला साहेब. "पॅरिस इज बर्निंग" नावाचा 1990 चा माहितीपट आहे, त्यात हे दिसतं. त्यातल्या बऱ्याच जणांना खऱ्या ऑफिसचं दार कोणी उघडत नव्हतं, म्हणून तिथे टाय कुठल्या कापडाचा याला नुसता अर्थ नाही, चाल, मान, नजर, बॅग धरायची पद्धत, सगळं मिळून साहेब "देतंय" का, प्रश्न तो. म्हणजे हा शब्द परीक्षकांसमोरच वाढलाय. तिथून तो फॅशनवाल्यांकडे, मग रीलमध्ये, आणि रीलमधून माझ्या हॉलमध्ये. वर्णन करायचं सोडून मार्क देतो याचं मला मग नवल वाटेना, फक्त तिथे चालणाऱ्याने निदान स्वतःहून नाव दिलेलं असायचं, माझ्या हॉलने कुठे फॉर्म भरला होता.

एवढं वाचल्यावर आपणही वापरून बघावं असं वाटणारच. सानिकाच्या मैत्रिणीने निळ्या पैठणीतला फोटो टाकला होता, खाली मी लिहिलं, "इट्स गिव्हिंग निळी पैठणी." दहा मिनिटांत सानिकाचा फोन, काका डिलीट करा आधी. का, तर साडी निळी पैठणी आहेच, जे आहे ते देत नसतात, जे नाहीये ते देतात. साडी "धाकटी जाऊ, पण घर हिचंच" देऊ शकते, "1994" देऊ शकते, नुसतं "श्रीमंत आत्या" पण चालेल. पुढे काहीही येतं म्हणे, माणूस, साल, आजार, अख्खा प्रसंग, फक्त ती वस्तू स्वतः नको. डेंटिस्टच्या खऱ्या वेटिंग रूमचा फोटो टाकून डेंटिस्टची वेटिंग रूम लिहिलं तर फुकट गेलं. आणि पुढे काहीच नाही लिहिलं, नुसतं "इट्स गिव्हिंग" म्हणून सोडलं, तर ते भारी कौतुक, आणि "नॉट गिव्हिंग" म्हटलं की संपला विषय. मी विचारलं, काय नॉट गिव्हिंग? ती म्हणे, काहीच नाही ना काका, तेच तर.

मला वाटतं ही अडचण माझी एकट्याची नाही, आम्हा नाशिककरांना मोजायची सवय आहे. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गोदाघाटावर दुतोंड्या मारुती बघायला गर्दी होते, आणि गावभर फोनवर एकच भाषा, पाणी मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला. क्युसेक कळो न कळो, मारुतीच्या अंगावर मोजलं की पंचवटीतल्या माणसाला बरोबर कळतं दुकानातला माल कधी वर चढवायचा. मागच्या पावसाळ्यात मी घाटावरून फोटो टाकला, "कमरेच्या वर, अजून चढतंय". तोच फोटो सानिकाने उचलला आणि खाली लिहिलं, "इट्स गिव्हिंग सोमवार सकाळ". माझ्या फोटोवर अंगठे आठ. तिच्यावर दोनशेच्या वर, आणि खाली सगळे "रिअल", "सेम". तेव्हा मला खूप राग आला होता, पण खरं सांगू, तो फोटो परत पाहिला, गढूळ पाणी, नाकासमोर बघत उभा मारुती, कोणी विचारलं नाही तरी चढणारं पाणी, आणि मला माझी सोमवारची बस आठवली. तिच्या कॅप्शनवर विसंबून कोणी माल मात्र हलवू नये.

आईला हे सगळं सांगितलं. आई ब्याऐंशी वर्षांची, अख्खा जन्म पंचवटीत, आता आमच्याकडे असते. तिला वाटलं मी तिला काही नवीन सांगतोय असं नाही. म्हणाली, अरे मग कळा म्हणतात त्याला. घराला कळा असते. मंगल कार्यालयातून वऱ्हाड गेलं की कशी अवकळा येते, खुर्च्या त्याच असतात की. अमक्याच्या दुकानाची रया गेली म्हणतो, रया कोणत्या फळीवर ठेवलेली होती? मी गप्पच. तिच्या वाक्यातही "मला" नव्हतं, आणि हा माल आमच्याकडे माजघरात पडून होता, मी तो उगाच न्यूयॉर्कवरून मागवत बसलो होतो. मग मी जरा हिंमत करून विचारलं, आई, आपल्या हॉलला कसली कळा आहे? तिने चष्मा वर केला, भिंतीपासून भिंतीपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "स्वच्छ आहे हो." आईच ती.

भाऊबिजेला सिन्नरहून मामा आले. दुपारी तीनची वेळ, ही आत चहा टाकायला गेली, मी बाथरूममध्ये. बाहेर आलो तर मामा ओळीतल्या शेवटच्या खुर्चीवर पुढे सरकून बसलेले, टोपी मांडीवर, हातात दिवाळी अंक, पण वाचत नव्हते. डोक्यावर ट्यूब. मी म्हटलं मामा, सोफ्यावर बसा ना आरामात. त्यांनी मान हलवली आणि आतल्या दाराकडे बोट करून हळू आवाजात विचारलं,

"आत कोण गेलंय?"