पाण्याच्या मशीनवरचा कोड: पैसे कुठून जातात, पाणी कुठे अडतं

"शुद्ध पाण्याच्या मशीनवरचा कोड स्कॅन करू नका. मशीन मोबाइलमध्ये शिरून खात्यातले पैसे ओढतं. पाणी आलं नाही तर पैसे बुडाले, कारण ते परत करायची सोयच नाही. पाचचं नाणं टाका, ते कधी चुकत नाही."

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या गावोगावच्या ग्रुपांवर हा मजकूर फिरतो आहे. यातली एक गोष्ट अर्धी खरी आहे, बाकीच्या चुकीच्या आहेत. आधी "मोबाइलमध्ये शिरतं" हे पाहू.

मशीनवरचा कोड म्हणजे चौकटीत छापलेली एक ओळ. फोनने ती वाचली की साधारण असं दिसतं (पत्ता नमुन्याचा आहे):

```
upi://pay?pa=pani@bank&pn=Pani%20Ghatak&am=5.00&cu=INR&tr=0417
```

`pa` हा पैसे घेणाऱ्याचा पत्ता, `pn` त्याचं नाव, `am` रक्कम, `cu` चलन आणि `tr` या व्यवहाराचा क्रमांक. कोडमध्ये एवढंच असतं. स्कॅन केल्यावर फोनमधलं ॲप उघडतं आणि ही माहिती भरलेली दिसते. पैसे हलतात ते तुम्ही पिन टाकल्यावर. यूपीआय लाइट चालू असेल तर लहान रकमेला पिन विचारला जात नाही, पण "पे" तुम्हालाच दाबावं लागतं. मशीन आणि फोन यांच्यात वायर नाही, ब्लूटूथ नाही, काहीच नाही. मशीनला तुमचा फोन दिसतसुद्धा नाही. म्हणूनच "पैसे गेले" असा स्क्रीनशॉट मशीनसमोर धरून उपयोग होत नाही.

मग मशीनला कळतं कसं? तुमची बँक पैसे काढते, ते यूपीआयच्या यंत्रणेतून मशीन चालवणाऱ्याच्या खात्यात जमा होतात, आणि जमा झाल्याचा निरोप पेमेंट कंपनीच्या सर्व्हरवरून मशीनमधल्या एका लहान डबीकडे येतो. या डबीत स्वतःचं सिमकार्ड असतं. नाण्याच्या यंत्राची जी सिग्नलची वायर मुख्य बोर्डाकडे जाते, तिलाच या डबीची वायर जोडलेली असते. नाणं पडल्यावर ते यंत्र बोर्डाला एक क्षणिक ठोका देतं, त्याला पल्स म्हणतात. निरोप आल्यावर डबी अगदी तसाच ठोका देते. बोर्डाला नाणं पडलं की कोडवरून पैसे आले हा फरक कळतच नाही. तो व्हॉल्व्ह उघडतो आणि ठरलेलं पाणी सोडतो.

पाणी कमी येण्याचा एक प्रकार इथेच होतो. समजा पाच रुपयांत २० लिटर असा दर आहे आणि नाण्याचं यंत्र रुपयाला एक, म्हणजे पाचच्या नाण्याला पाच ठोके देतं. डबी बसवणाऱ्याने मात्र पाच रुपयांना एकच ठोका लावला. बोर्डाला वाटतं एकच रुपया आला, म्हणून कॅन ४ लिटरवर थांबतो. नाण्याने भरला की पूर्ण आणि कोडने भरला की दरवेळी तेवढाच कमी, असं दिसलं तर दोष या जुळवणीत आहे. डबीची सेटिंग बदलून तो जातो. दोन्हींनी कमीच येत असेल तर डबीचा संबंध नाही. जी मशीनं पाणी मोजत नाहीत, फक्त ठरावीक वेळ व्हॉल्व्ह उघडा ठेवतात, तिथे दाब उतरला की पाणी कमी पडतंच.

आता पैसे बुडण्याचा मुद्दा. इथे भीती समजण्यासारखी आहे, पण पाणी आलं नाही याच्या मागे दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत.

पहिली: तुमच्या खात्यातून वजा झाले, पण मशीन चालवणाऱ्याच्या बाजूला व्यवहार पक्का झाला नाही. ॲपमध्ये "प्रलंबित" किंवा "अयशस्वी" दिसतं. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार अशी रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत आपोआप परत यायला हवी, त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. तक्रार बँकेकडे किंवा ॲपमध्येच करायची.

दुसरी: ॲपमध्ये "यशस्वी" आहे, चालकाच्या खात्यात पैसे पोहोचलेत, पण डबीला निरोप मिळाला नाही. खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीच्या जंगलपट्ट्यात रेंज कमी असते, तिथे हे होणारच. तुमच्या फोनला रेंज भरपूर आहे याचा काही अर्थ नाही, कारण मशीनमधलं सिम वेगळं असतं आणि ते पत्र्याच्या पेटीत बसलेलं असतं. वीज जाऊन डबी बंद असतानाही छापील कोड स्कॅन होतो आणि पैसे जातात. अशा वेळी बँक "व्यवहार पूर्ण झाला" एवढंच सांगेल, आणि ते बरोबरही आहे. पैसे परत द्यायचे ते मशीन चालवणाऱ्याने. त्याला व्यवहाराची वेळ, रक्कम आणि ॲपमधला १२ आकडी यूटीआर क्रमांक सांगायचा. त्यावरून तो आपल्या नोंदीत व्यवहार शोधून परत पाठवू शकतो. म्हणून ज्या मशीनवर चालकाचा फोन नंबर नाही तिथे कोड वापरू नये, हे आमचं स्पष्ट मत आहे.

उशिरा पोहोचलेल्या निरोपाचं काय होतं हे डबीवर अवलंबून आहे. चांगली डबी निरोपावरची वेळ पाहते, जुना असेल तर टाकून देते आणि सर्व्हर पैसे परत पाठवतो. साधी डबी रेंज आली की ठोका देते. अर्ध्या तासाने व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी गटारात जातं. म्हणून पाणी आलं नाही तर कॅन लगेच हलवू नका, आणि घाईत दुसऱ्यांदा पैसे भरू नका. आधी ॲपमधला इतिहास पाहा. आणि सुरुवातीलाच डबीचा दिवा लागलाय का ते बघा.

खरी फसवणूक होते ती वेगळ्याच प्रकारे: छापील कोडवर दुसऱ्याच कोणाचा स्टिकर चिकटवला जातो. पैसे भलत्याच खात्यात जातात, मशीनला निरोप येतच नाही. पिन टाकण्याआधी ॲपमध्ये दिसणारं नाव मशीनवर लिहिलेल्या नावाशी जुळवा आणि स्टिकरची कड नखाने चाचपा. छोट्या स्क्रीनवर दरवेळी नवा कोड दाखवणाऱ्या मशीनमध्ये ही युक्ती सहसा चालत नाही. तिथे रक्कमही भरून येते. छापील कोडवर ती अनेकदा तुम्हालाच टाकावी लागते, आणि पाचच्या जागी चार टाकले तर पैसे जातील, ठोका मिळणार नाही.

राहिलं नाणं. पाचची नाणी एकसारखी नाहीत. जुना जाड ठोकळा ९ ग्रॅमचा, नंतरचं पिवळं नाणं ६ ग्रॅमचं आणि २३ मिलिमीटरचं, २०१९ च्या मालिकेतलं सुमारे ६.७ ग्रॅमचं आणि २५ मिलिमीटरचं. नाण्याचं यंत्र व्यास, जाडी आणि धातू यांवरून ओळखतं, आणि ज्या नमुन्यांवर ते शिकवलंय तेवढीच घेतं. पिवळ्या लहान नाण्यावर शिकवलेलं यंत्र नवं मोठं नाणं परत टाकतं, किंवा ते फटीत अडकून बसतं आणि मागच्या माणसाचंही अडवतं. नाण्याला रेंज लागत नाही हा त्याचा मोठा फायदा आहे. जांबोटीकडच्या मशीनवरून नाण्याची फट काढू नये ती यासाठीच.