हनुवटीची हद्द

आमच्या घराण्यात दोन गोष्टी वडिलोपार्जित आहेत. एक म्हणजे गावाकडची साडेतीन एकर जमीन, जिच्या बांधावरून चुलत्यांशी दोन पिढ्या बोलणं बंद आहे. दुसरी म्हणजे हनुवटीखालची घडी. तिच्यावर मात्र एकाही चुलत्याने कधी हक्क सांगितलेला नाही.

वडील तसे सडपातळ. पट्टा शेवटच्या भोकात लावतात. पण पेपर वाचायला मान खाली घातली की त्यांच्या हनुवटीखाली दुसरी हनुवटी हळूच येऊन बसते, जणू तिलाही अग्रलेख वाचायचाय. त्यामुळे 'वजन कमी कर, आपोआप जाईल' हा सल्ला मी घरातल्या पुराव्यानिशी फेटाळत आलो. (माझं वजन ब्याऐंशी आहे, हा मुद्दा वेगळा.)

पण एकदा ऑफिसच्या व्हिडिओ कॉलमध्ये मी स्वतःला नीट पाहिलं. लॅपटॉप टेबलावर, म्हणजे कॅमेरा बरोब्बर खालून. पडद्यावर कानापासून जे सुरू होत होतं ते थेट शर्टाच्या कॉलरला जाऊन मिळत होतं. मध्ये जबडा नाही, हनुवटी नाही. चेहरा आणि गळा, दोघांचा सातबारा एकच! मावसबहिणीचं लग्न सात आठवड्यांवर आलं होतं आणि तिथे फोटो निघणार होते.

दाढी वाढवायचं ठरवलं. यात अक्कल लागत नाही असा माझा समज होता, कारण दाढी करायची थांबलो की ती वाढते. दोन आठवडे थांबलो. खाली वाढली तशीच बाजूलाही वाढली आणि गोल चेहऱ्याला सगळीकडून सारखा अर्धा सेंटिमीटर काळा मुलामा चढला. म्हणजे गोल होतो तो आणखी मोठा गोल झालो. मुलीने "बाबा, नारळ" एवढंच म्हणून विषय संपवला.

मग मी ट्रिमर हातात घेतला. माझं तर्कशास्त्र असं : जबडा दिसत नाही ना? मग जबड्याच्या हाडावरून स्वच्छ रेघ मारायची आणि तिच्या खालचं सगळं साफ करायचं. रेघ दिसली की लोकांना जबडा दिसेल. बाथरूमच्या आरशासमोर मान वर केली, बोटाने हाड चाचपलं आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत बांध घातला. मान वर होती तोवर काम फारच सुबक वाटत होतं.

मान खाली आणली आणि मान वर करून ताणलेलं सगळं कातडं पुन्हा आपल्या जागी आलं. रेघ चढून जवळजवळ हनुवटीच्या तोंडावर आली आणि तिच्या खालून गोरीपान, गुळगुळीत, नुकतीच दाढी केलेली घडी बाहेर डोकावली. अभ्रा तोकडा पडल्यावर उशी बाहेर येते ना, तशी. वर गडद काळं, खाली एकदम उजेड. आजवर जी घडी निदान गर्दीत मिसळून राहायची, तिच्यावर मी स्वतःच्या हाताने काळी चौकट ओढून दिवा लावला होता.

"अरे, काय केलंस हे? गळा सुजलाय का?" बायकोने विचारलं. ती खरोखरच काळजीने विचारत होती, हे जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये गेलो. तिथले काका पस्तीस वर्षं लोकांच्या हनुवट्या हाताळत आहेत. त्यांनी खुर्ची फिरवली, चष्मा नाकावर सरकवला आणि माझा चेहरा दोन्ही बाजूंनी पाहिला.

"साहेब, बांध कोरलात. आणि तोही आपल्याच रानात."

इतकं अचूक निदान मी डॉक्टरांकडूनही ऐकलेलं नाही. चुलत्यांनी बांध कोरून आमच्या चार सऱ्या नेल्या असतील. मी तर हनुवटीखालची अख्खी पट्टी गळ्याला देऊन टाकली होती.

"गिळा," काका म्हणाले. मी आवंढा गिळला, तसा कंठमणी वर जाऊन खाली आला. त्यांनी त्याच्या वर दोन बोटं आडवी ठेवली. "हा तुमचा बांध. हनुवटीचं खालचं कातडं जिथं संपतं आणि उभा गळा सुरू होतो, तो कोपरा. इथून दोन्ही कानांच्या मागे कमान न्यायची. आणि रेघ आखताना मान सरळ ठेवायची, समोर बघायचं. समोरून बघणाऱ्याला ती रेघ दिसताच कामा नये."

"पण मग जबडा कसा दिसणार?"

"दिसायला हवा कशाला? घडीवर केस राहिले की तिथे काळोख राहतो. काळोखात काय आहे ते कोण मोजतंय? खालची सगळी जागा सावली झाली की माणूस आपल्या मनानेच तिथे जबडा धरून चालतो."

म्हणजे दाढीने हनुवटी दाखवायची नसते, घडीवर पांघरूण घालायचं असतं. हा एवढा फरक कळायला मला एक ट्रिमर आणि एक घरगुती अपमान लागला.

प्रश्न असा होता की पांघरूण मी आदल्या दिवशीच भादरलं होतं. काका हात जोडून म्हणाले, आता चार आठवडे इकडे फिरकू नका. दाढी महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढते, तिला लग्नाची तारीख सांगून उपयोग नाही. गळ्यावर तीन-चार मिलिमीटर पुरणार होते, ते दहा-बारा दिवसांत आले असते. हनुवटीवर मात्र पंधरा हवे होते आणि माझ्याकडे जेमतेम पाच होते. हिशेब बसत होता, पण हातचा एकही आठवडा उरत नव्हता.

मी घाबरून फ्रेंच कटचा पर्याय काढला. निदान लगेच तरी होईल! काकांनी मान हलवली. "दोन्ही गाल उघडे पडतील. मध्ये एवढासा ठिपका आणि बाजूला दोन पुऱ्या." मग मी जबड्याच्या कडेने जाणारी बारीक कोरीव पट्टी सुचवली, जशी आमच्या ऑफिसातली पोरं ठेवतात. "त्यांना जबडा आहे. तुम्ही ठेवलीत तर गोलाला कंपासने गिरवल्यासारखं होईल." यावर बोलण्यासारखं काही नव्हतं.

ते चार आठवडे मी कसे काढले ते मला माहीत. गळ्यावरचे खुंट कॉलरला घासतात आणि अशी खाज सुटते की मीटिंगमध्ये माणूस विचारवंतासारखा सतत हनुवटी कुरवाळत बसतो. माझ्याबद्दल त्या काळात साहेबांचं मत बरंच सुधारलं.

पाचव्या आठवड्यात खुर्चीवर बसलो. काकांनी दाढीला पाणी लावलं नाही. ओले केस लोंबतात, लांब वाटतात, आणि तसे कापले तर सुकल्यावर आखूड होऊन वर बसतात. कोरड्या दाढीतून आधी कंगवा फिरवला. कानाजवळच्या कल्ल्यांवर तीन मिलिमीटरची कॅप लावून मशीन चालवलं, गालावरून खाली येताना सहाची लावली आणि हनुवटीला हातच लावला नाही. सहा आणि पंधराच्या मध्ये जी पायरी पडली, ती नवाच्या कॅपने आणि मग कात्री-कंगव्याने हळूहळू उतरवली. जबड्याच्या दोन्ही कोपऱ्यांवर मात्र ते सर्वात जास्त वेळ रेंगाळले. चेहऱ्याची सगळी रुंदी तिथे असते. तिथले केस फुगले की बाकीची मेहनत पाण्यात. गालावरची वरची रेघ त्यांनी होती तिथेच ठेवली, चार भरकटलेले केस तेवढे उडवले. ती रेघ खाली आणली की वर गालाचा मोकळा चेंडू दिसतो.

हनुवटीखालचा आकार गोल न ठेवता किंचित सपाट कापला आणि कोपरे थोडे शिल्लक ठेवले. गोलाखाली पुन्हा गोल कशाला, असं त्यांचं म्हणणं. सगळ्यात शेवटी बांध. दोन बोटांच्या खालचं सगळं साफ, त्याच्या लगेच वर मिलिमीटरभर, मग तीन, मग सहा, अशी चढण. रेघ अशी राहिलीच नाही, गळा कुठे संपला आणि दाढी कुठे सुरू झाली ते मला स्वतःला सापडेना.

हनुवटीच्या मधोमध एक पांढरा पुंजका निघाला, तेवढा खटकला. पांढरा केस सावली धरत नाही, आणि नेमकी तिथेच सावली हवी होती. कलप लावायचा तर आधी कानामागे थोडा लावून दोन दिवस बघा, असं काका म्हणाले. पण मागे एकदा मेंदी लावून मी आठवडाभर गाजराच्या रंगाचा फिरलो होतो, म्हणून तो पुंजका तसाच ठेवला.

आरशात समोरून पाहिलं. चेहरा बोटभर लांब झाला होता आणि खाली चक्क एक टोक होतं. मग हावरटपणा सुचला. पंधरा मिलिमीटरने एवढा फरक, तर पन्नासने काय होईल?

"मान आहे का तेवढी?" काकांनी विचारलं. माझी मान आखूड आहे. दाढी कॉलरला टेकली की मान संपते आणि डोकं थेट खांद्यावर ठेवल्यासारखं दिसतं. शिवाय लांब दाढी बाजूलाही पसरते, म्हणजे परत नारळ. बाजूने काढलेल्या फोटोत तर दाढी फारशी मदत करतच नाही आणि खालून काढलेल्यात अजिबात नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. "आणि आठवड्याने बाजू मारायला या. फक्त बाजू."

हे फक्त-बाजूचं गणित मला आठव्या दिवशी कळलं. आठवड्यात सगळीकडे दोनेक मिलिमीटर वाढतात. हनुवटीवर पंधराचे सतरा झाले तर कुणाला पत्ता लागत नाही, पण कल्ल्यांवर तीनचे पाच होतात आणि चेहरा गुपचूप रुंद होतो. दाढी वाढली म्हणून लोक हनुवटी कापतात आणि जे राखायचं तेच घालवून बसतात. मी नाही कापली. एकदा हात पोळला होता.

लग्नात स्टेजवर गेलो तर फोटोग्राफर खाली, पहिल्या रांगेच्या खुर्च्यांपाशी उकिडवा बसलेला. म्हणजे बरोब्बर खालून. "काका, मान जरा वर!" तो ओरडला. मी मान तिळभरही वर केली नाही. उलट हनुवटी किंचित पुढे काढून कासवासारखा उभा राहिलो. फोटोत मी रागावलेला दिसतो, पण हद्द दिसते.

पंगतीत मावशी वाढायला आली आणि माझ्यासमोर थबकली. "अरे, किती वाळलास! तोंड बघ केवढंसं झालंय. सूनबाई, याला घरी जेवायला घालतेस ना गं?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी ताटाकडे पाहिलं. ब्याऐंशीचे आता चौऱ्याऐंशी झाले होते, पण मावशीला ते सांगणं बरं दिसलं नसतं. तिने एक सोडून चार जिलब्या वाढल्या. तिसरीच्या वेळी पाक ओघळला आणि काकांनी महिनाभर राखलेल्या पंधरा मिलिमीटरमध्ये जिरला, पांढऱ्या पुंजक्यापासून थेट दोन बोटांच्या बांधापर्यंत.