काका, ती पोरगी तर काडीसारखी होती

«डॉक्टर, दहा-अकरा वर्षांच्या पोरांचं रक्त काढून कोलेस्ट्रॉल बघायचं म्हणजे अतीच झालं. मैदानात सोडा, बाहेरचं खाणं बंद करा, आपोआप ठीक होतं सगळं. उगाच गोळ्यांचा रस्ता मोकळा करताय तुम्ही लोकं.»

काका, तुम्ही म्हणता ते बऱ्याच मुलांच्या बाबतीत खरं आहे, पण सगळ्यांच्या नाही. दोन मुलं सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.

पहिला मुलगा १३ वर्षांचा, लालबागचा. वजन वाढलेलं, शाळा-क्लास-मोबाईल, क्लास सुटला की वडापाव आणि कोल्ड्रिंक रोजचं. उपाशीपोटी केलेल्या रिपोर्टमध्ये ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी २१०, चांगलं कोलेस्ट्रॉल म्हणजे एचडीएल ३६, आणि वाईट कोलेस्ट्रॉल म्हणजे एलडीएल ११८. मुलांमध्ये एलडीएल ११० च्या खाली असलेलं बरं, १३० पासून जास्त धरतात, म्हणजे याचं जेमतेम काठावर होतं. ट्रायग्लिसराइड मात्र या वयात ९० च्या खाली हवं, ते दुपटीपेक्षा वर. हा पॅटर्न साखर, मैदा आणि बसून राहण्याचा, आणि इथे तुमचं औषध लागू पडतं. आम्ही कोल्ड्रिंक आणि पॅकबंद ज्यूस पूर्ण बंद केलं, संध्याकाळचा एक तास मैदानाचा ठरवला, आणि सगळ्या घराने मिळून ते पाळलं, एकट्या पोराला वेगळं ताट नाही. सहा महिन्यांनी ट्रायग्लिसराइड ११५. गोळी नाही, काही नाही.

दुसरी मुलगी ११ वर्षांची, काडीसारखी, खो-खोच्या टीममध्ये. तिला बघून कोणी टेस्ट करा म्हटलं नसतं. मी विचारलं ते एवढंच, की घरात कोणाला कमी वयात हार्टचा त्रास झालाय का? आई म्हणाली, मामाची ४१ व्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली, पण तो सिगरेट ओढायचा ना. तरी टेस्ट केली. एलडीएल २१२. एका रिपोर्टवर कधीच ठरवायचं नसतं, म्हणून तीन आठवड्यांनी उपाशीपोटी परत केली, २०४. (ताप किंवा इन्फेक्शन होऊन गेलं असेल तर थोडं थांबून करा, आजारपणात आकडा खोटा कमी येतो.) थायरॉईड, किडनी, साखर सगळं नॉर्मल, म्हणजे दुसऱ्या आजारामुळे वाढलेलं नाही.

मग तिलाही सहा महिने दिलेच. साय, लोणी, खारी, बेकरीची बिस्किटं बंद, तूप अर्धा चमचा, मालवणी घर असल्यामुळे नारळाचं वाटण अर्ध्यावर, आणि रोज उसळ-फळं-ज्वारीची भाकरी. आईने इतकं मनापासून केलं की मला तिचं वाईट वाटत होतं. सहा महिन्यांनी १८६. साधारण दहा टक्के उतरलं, आणि एवढंच उतरणार होतं, कारण एलडीएल रक्तातून उचलणारे लिव्हरवरचे रिसेप्टर तिच्यात जन्मतःच निम्मे काम करतात. याला फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया म्हणतात, साधारण दोनशे-अडीचशे लोकांत एकाला असतो, आणि आई किंवा बाबांपैकी एकाला असला तर प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता निम्मी. तिने अजून किती धावायचं होतं?

गोळीचं आम्ही कधी बोलतो तेही सांगते. वय १० च्या पुढे, सहा महिने नीट प्रयत्न करूनही एलडीएल १९० किंवा वर, किंवा घरात कमी वयाचा हार्ट अटॅक-अँजिओप्लास्टी असेल तर १६० किंवा वर. ती दुसऱ्या गटात बसली. स्टॅटिन म्हणजे कोलेस्ट्रॉल कमी करणाऱ्या गोळीचा छोटा डोस, आधी लिव्हरची टेस्ट आणि काही आठवड्यांनी परत. नेदरलँडमध्ये असा आजार असलेल्या मुलांना लहानपणी स्टॅटिन सुरू करून २० वर्षं फॉलो केलं, ते २०१९ मध्ये छापून आलं. ३९ वर्षांपर्यंत हृदयाची मोठी घटना मुलांमध्ये १ टक्का, आणि हाच आजार असलेल्या त्यांच्या आईवडिलांमध्ये त्याच वयापर्यंत २६ टक्के, त्यांच्या लहानपणी ही औषधं नव्हती.

सरसकट सगळ्या मुलांची टेस्ट करावी का, यावर डॉक्टरांमध्येच एकमत नाही, हे मी मान्य करते. अमेरिकेत २०११ ला तज्ज्ञांनी ९ ते ११ वयात एकदा आणि १७ ते २१ मध्ये एकदा करा म्हटलं, (मध्ये वयात येताना आकडा आपोआप खाली येतो म्हणून ती वर्षं टाळतात), आणि २०२३ ला तिथल्याच दुसऱ्या समितीने पुरेसा पुरावा नाही म्हटलं. मी स्वतः ९-११ मध्ये एकदा करायच्या बाजूची आहे, कारण «घरात कोणाला काही नाही» असं सांगणाऱ्या घरांतही कोणी तपासलेलंच नसतं.

त्या मुलीच्या आईचं एलडीएल नंतर बघितलं, २३८ निघालं. वय ३८, आयुष्यात पहिल्यांदाच टेस्ट. धाकट्या भावाची पुढच्या महिन्यात करतोय. तुमच्या घरात पुरुषांना ५५ च्या आधी किंवा बायकांना ६५ च्या आधी हार्टचं काही झालं असेल, तर नातवंडांची एकदा करून घ्या काका, पहिल्या वेळी उपाशी ठेवायचीही गरज नाही.