मुराबह्याला कर्ज म्हटलं की हिशोब कुठे चुकतो

“इस्लामी बँकांची कागदपत्रं म्हणजे नुसता शब्दांचा खेळ. मुराबहा म्हणजे व्याजाचं कर्ज, मुदारबा म्हणजे भागीदारी आणि अरबी फाइदा म्हणजे आपला फायदाच. मराठीत सरळ हेच शब्द लिहा, ग्राहकाला कळल्याशी मतलब.”

इस्लामी बँकांच्या करारांचा मराठी अनुवाद करताना असा सल्ला ऐकावा लागतो. यातलं खरं तेवढं आधी मान्य करतो. मुराबहा म्हणजे बँक वस्तू स्वतः विकत घेते आणि आपला नफा धरून ग्राहकाला उधारीवर विकते. त्याचा हप्ता दिसायला कर्जाच्या हप्त्यासारखाच असतो, आणि नफा ठरवताना बँका बाजारातल्या व्याजदरांकडे बघतात. हे आडवाटेने घेतलेलं व्याजच आहे, असं म्हणणारे इस्लामी कायद्याचे जाणकारही आहेत. पण तो वाद अनुवादकाने मिटवायचा नसतो. सही करणाऱ्याला आपलं देणं किती आणि कधीपासून, हे नीट कळलं पाहिजे, आणि ‘कर्ज’ लिहिल्यावर नेमकं तेच चुकतं.

समजा, दुबईतला गाडीचा करार आहे. बँकेची खरेदी 60,000 दिरहमची, तिचा नफा 12,000, म्हणजे विक्री किंमत 72,000, आणि 1,500 चे 48 हप्ते. मराठीत ‘मुद्दल 60,000, व्याज 12,000’ असं लिहून दिलं. वर्षभराने ग्राहकाच्या हातात पैसे आले. त्याने 18,000 भरलेत, तेव्हा उरलेलं मुद्दल टाकू आणि पुढचं व्याज वाचवू, असा त्याचा हिशोब. करारानुसार मात्र त्याचं देणं पूर्ण 54,000 आहे, कारण त्याने पैसे उसने घेतलेले नाहीत, ठरलेल्या किमतीची वस्तू उधारीवर घेतली आहे. लवकर फेडल्यास बँक काही रक्कम सोडू शकते, त्याला अरबीत ‘इब्रा’ म्हणतात. ती सूट हक्काची आहे की बँकेच्या मर्जीची, हे त्या कलमातल्या क्रियापदावर ठरतं. ‘देईल’ आणि ‘देऊ शकेल’ यांत गल्लत झाली तर ग्राहक नसलेल्या हक्कावर विसंबतो.

दुसरी गोष्ट कागदांच्या क्रमाची. आधी ग्राहक खरेदीचं वचन देतो, मग बँक वस्तू विकत घेऊन ताब्यात घेते आणि त्यानंतरच विक्रीचा करार होतो. वचनाच्या कागदाला ‘कर्ज मंजुरी’ असं शीर्षक दिलं की वाचणाऱ्याला वाटतं, देणं आजपासूनच सुरू झालं. प्रत्यक्षात विक्री होण्याआधी गाडी जळाली तर नुकसान बँकेचं. म्हणून मी प्रत्येक कागदाची तारीख अनुवादात ठळक ठेवतो. विक्रीची तारीख बँकेच्या खरेदीच्या आधीची दिसली तर दुरुस्त करत बसत नाही, ग्राहकाला तसं लेखी कळवतो.

हप्ता चुकल्याच्या कलमाला ‘विलंब व्याज’ म्हणणंही तसंच. मुराबह्यात ठरलेली किंमत उशिरामुळे वाढत नाही. बहुतेक करारांत ग्राहक उशीर झाल्यास ठरावीक रक्कम धर्मादायासाठी देण्याचं कबूल करतो, आणि ती बँकेच्या उत्पन्नात धरायची नसते. ‘उशिराबद्दल धर्मादायासाठी द्यायची रक्कम’ हे लांबलचक आहे खरं, पण तेच बरोबर आहे.

आता मुदारबा. ‘भागीदारी’ म्हटल्यावर मराठी वाचकाच्या डोक्यात 1932 चा भागीदारी कायदा येतो: वेगळं ठरलं नसेल तर नफातोटा सारखा, आणि फर्मच्या देण्याला सगळे भागीदार जबाबदार. मुदारब्यात एक जण फक्त भांडवल देतो, दुसरा फक्त धंदा चालवतो. नफा ठरलेल्या प्रमाणात वाटतात, तोटा मात्र सगळा भांडवलवाल्याचा. चालवणाऱ्याची मेहनत वाया जाते, एवढंच. त्याने हलगर्जी केली किंवा घालून दिलेली मर्यादा मोडली, तरच तो भरपाईला बांधील. ग्राहक खातेदार असेल तर भांडवलवाला तोच, आणि हे वाक्य त्याच्यापर्यंत पोचलंच पाहिजे. मी ‘भांडवल एकाचं, व्यवस्थापन दुसऱ्याचं असा नफावाटपाचा करार (मुदारबा)’ असं एकदा लिहून पुढे नुसतं मुदारबा ठेवतो.

इथेच एक साधी वाटणारी पण महागात पडणारी चूक होते. करारात वाटणी 60:40 असते आणि अनुवादात येतं ‘60 टक्के नफा’. लाखाची ठेव असेल तर वाचणारा 60,000 मिळतील म्हणून खूश! खरं म्हणजे लाखावर 10,000 नफा झाला तर त्याचे 6,000, आणि नफाच झाला नाही तर काहीच नाही. त्यामुळे ‘झालेल्या नफ्यातला 60 टक्के वाटा’ असंच लिहायला हवं.

‘फाइदा’चं उत्तर छोटं आहे. साध्या, व्याजावर चालणाऱ्या अरबी बँकेच्या कागदात त्याचा अर्थ व्याज, आणि तिथे व्याजच लिहायचं. ‘फायद्याचा दर 7 टक्के’ वाचून कर्जदाराला ते पैसे आपल्याला मिळणार असं वाटू शकतं.

राहिलं ‘कळल्याशी मतलब’. मसुदा दिल्यावर ग्राहकाला दोनच प्रश्न विचारा: आज सगळं फेडायचं ठरवलं तर किती भराल, आणि तोटा झाला तर कोणाचा? उत्तरं मूळ कराराशी जुळली नाहीत, तर मसुदा पुन्हा लिहायला घ्यायचा.