स्लॅबच्या प्लेटा पाचव्या दिवशी खोला, बाकी इंजिनिअर बघून घेईल

साईट इंजिनिअर म्हणून नवीन लागलाय? मग पहिलं काम, आयएस 456 हा काँक्रीटचा कोड विसरा. त्यात लिहिलंय की साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू 7 दिवस ठेवा, सहा मीटरपर्यंतच्या बीमखालचे 14 दिवस, आणि तेही ओपीसी सिमेंट असेल तर. आपल्या गोडाऊनमध्ये पीपीसीच्या गोण्या, त्याला सुरुवातीची ताकद यायला अजून वेळ लागतो. पण हे मालकांना सांगायचं नसतं, त्यांनी वास्तुशांतीची तारीख पाहुण्यांना कधीच कळवलीये.

समजा सोमवारी स्लॅब भरला. शनिवारी सकाळी ठेकेदाराचा फोन येणार, "साहेब प्लेटा मोकळ्या करा ना, रोजचं भाडं चढतंय." तुम्ही "हो" म्हणा. लगेच मालकांचा फोन, वरचा स्लॅब कधी? त्यांनाही "हो" म्हणा, प्रश्न काय होता ते नंतर बघू. मागचं बिल महिनाभर पडून आहे हे चुकून बोललात तर उत्तर ठरलेलं आहे, वरचा स्लॅब दिसल्याशिवाय चेक निघणार नाही. आणि चेक निघाल्याशिवाय ठेकेदार लेबरला आठवड्याची खर्ची देणार नाही, आणि शनिवार म्हणजे खर्चीचा दिवस, रविवारी बाजार, पोरांना किराणा भरायचाय, तर ती खर्ची मिळाल्याशिवाय लेबर प्लेटेला हात लावणार नाहीत. मुकादम तर बोलतही नाही, तुमच्यासमोर शांतपणे तंबाखू मळत बसतो.

आता गंमत बघा, अख्ख्या साईटवर कोडप्रमाणे वागणारा माणूस एकच, पगार न मिळालेला लेबर. त्याची खर्ची थकली म्हणून टेकू जागेवर राहिले. ती वेळेत मिळाली असती तर पाचव्या दिवशी खालून आकाश दिसलं असतं (बरं, आकाश नाही, पण मधोमध केसाएवढी क्रॅक आणि थोडा झोल नक्की).

फक्त एक बारीक अडचण, पाणी मारणारा पोरगाही त्याच गँगचा, तोही गेला. पीपीसीला निदान 10 दिवस क्युअरिंग लागतं आणि स्लॅबवरची वाफ्यांची माती दुपारपर्यंत भेगाळते. तेव्हा पाईप स्वतः धरा. डिग्रीला साजेसं काम नाही असं वाटेल, पण इतर कामांच्या मानाने हे बरंच तांत्रिक आहे.

खर्चीसाठी स्वतःच्या खिशातून चार-पाच हजार द्यायचा मोह होईल, जरूर द्या, पुढच्या शनिवारपासून ती तुमचीच जबाबदारी.

आणि काहीही झालं तरी "टेकू अमुक तारखेपर्यंत काढू नयेत" असं साईट रजिस्टरमध्ये लिहून ठेकेदाराची सही घेऊ नका, मालकांना व्हॉट्सॲपवर फोटो तर मुळीच पाठवू नका. उद्या क्रॅक आली तर दोष तुमच्यावर ढकलता येणार नाही, मग तुम्हाला पगार नक्की कशाचा देतोय हे मालकांना कळायचं कसं?