डेल्टा मेथड आणि ३० चा आकडा

सरासरी किंवा प्रमाण एखाद्या फंक्शनमध्ये घालून काढलेल्या आकड्यात किती चूक असू शकते, याचा अंदाज डेल्टा मेथड देते. तिच्याबद्दल असा सल्ला कानावर येतो: “सॅम्पल ३० च्या वर गेलं की डेल्टा मेथड बिनधास्त लावा. फंक्शन स्मूद असलं की पुरे. डेरिव्हेटिव्हचा वर्ग गुणिले सरासरीचा व्हेरियन्स, झालं उत्तर. खात्री हवी तर बूटस्ट्रॅप करून, म्हणजे त्याच सॅम्पलमधून पुन्हापुन्हा सॅम्पल उचलून बघा, तेच येईल.”

आधी स्मूदपणाचं बघू. p म्हणजे ‘हो’ म्हणणाऱ्यांचं प्रमाण धरलं, तर p(1-p) इतकं गुळगुळीत फंक्शन शोधून सापडायचं नाही. १०० जणांना हो-नाही प्रश्न विचारला आणि ५० ‘हो’ आले, तर त्याची किंमत ०.२५. डेरिव्हेटिव्ह 1-2p, म्हणजे इथे शून्य. सूत्राप्रमाणे स्टँडर्ड एरर, म्हणजे अंदाजातली अपेक्षित चूक, तीही शून्य! शंभर माणसांत एवढी खात्री कुठून आली?

बरं, नेमके ५० येणं हा योगायोग म्हणू. ५३ ‘हो’ धरा. किंमत ०.२४९१, सूत्राने स्टँडर्ड एरर ०.०६ × ०.०५, म्हणजे सुमारे ०.००३. ९५ टक्क्यांची मर्यादा जाते ०.२४३ ते ०.२५५ अशी. पण p(1-p) कधीच ०.२५ च्या वर जात नाही. इथेच कान टवकारायला हवेत.

कारण साधं आहे. डेल्टा मेथड वक्राच्या जागी स्पर्शरेषा धरते. p ची स्वतःची चूक ०.०५ आणि p=0.5 चा माथा अवघ्या ०.०३ वर, त्यामुळे तेवढ्या हालचालीत चढाचा उतार होतो. खरा p अगदी ०.५ असेल, तर स्पर्शरेषेचं पद गळून वर्गाचं पद उरतं. मग अंदाज ०.२५ किंवा त्याखालीच राहतो आणि n जणांच्या सॅम्पलमध्ये त्याचा व्हेरियन्स (n-1)/(8n³) भरतो. n=100 ला प्रमाण विचलन सुमारे ०.००३५, शून्य नव्हे.

म्हणून सरासरीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन स्टँडर्ड एरर जाऊन डेरिव्हेटिव्ह किती बदलतो ते पाहा. चिन्हच उलटत असेल तर सूत्र बाजूला ठेवा, p ची मर्यादा काढा (इथे ०.४३ ते ०.६३) आणि तीच फंक्शनमधून न्या. ०.२३ ते ०.२५ येतं, आणि ते निदान शक्य तरी आहे.

३० च्या आकड्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. log p घ्या, p=0.02, n=50. एकही ‘हो’ न येण्याची शक्यता ०.९८ चा ५० वा घात, म्हणजे ३६ टक्के, आणि तेव्हा लॉग उणे अनंत. व्हेरियन्स अस्तित्वातच नाही. सूत्र मात्र ०.९८ सांगून मोकळं होतं. n हजार केला तर ही शक्यता नगण्य होते आणि सूत्र कामाचं ठरतं. तरीही काटेकोरपणे व्हेरियन्स तेव्हाही नसतोच. n वाढत जाताना ज्या नॉर्मल वितरणाकडे आपण सरकतो, त्याचा व्हेरियन्स सूत्र देतं.

राहता राहिला बूटस्ट्रॅप. डेरिव्हेटिव्ह शून्य असतो तिथे नेहमीचा बूटस्ट्रॅपही फसतो, सॅम्पल कितीही वाढवा. तो ०.५ भोवती फिरत नाही, हाती आलेल्या ०.५३ भोवती फिरतो. माथ्यापासूनचं ते अंतर चुकीएवढंच असतं आणि n वाढला तरी p च्या चुकीच्या तुलनेत घटत नाही.