झाड एक, तंबू दोन

आमच्या लातूरकडं रस्त्याला सावलीचं झाड असलं की त्याखाली आधी मोटारसायकल येते, मग दोन म्हातारी माणसं, मग चहाची टपरी. एका झाडाला एकच तंबू, असा नियम ज्यानं काढला त्यानं मराठवाड्यातला मे महिना बघितलेला नसणार.

मी झाडं-तंबूची कोडी सोडवतो, त्यामुळं हा नियम मला पाठ आहे. चौकटीतल्या काही घरांत झाडं असतात. प्रत्येक झाडाला वर, खाली, डावीकडं किंवा उजवीकडं लागून त्याचा स्वतःचा एक तंबू द्यायचा. झाडाच्या बाबतीत तिरकं चालत नाही. तंबूंनी मात्र एकमेकांना तिरकंसुद्धा शिवायचं नाही. माळेगावच्या जत्रेत राहुट्या ठोकलेल्या माणसाला हे पटवून सांगणं अवघड आहे. कडेला आकडे दिलेले असतात, त्या ओळीत किंवा रकान्यात किती तंबू ते सांगणारे. बस.

परवा दुपारी लाईट गेली म्हणून छापील कोडं काढून बसलो, तर शेजारी दाजी येऊन टेकले.

"काय करायलाव पाव्हणं?"

"तंबू ठोकायलोय."

"उन्हात?"

पाच ओळी, पाच रकाने, पोराटोरांचंच कोडं. झाडं पाच. पहिल्या ओळीत तिसऱ्या घरात एक, दुसऱ्या ओळीत पहिल्या घरात एक, चौथ्या ओळीत दुसऱ्या आणि पाचव्या घरात, शेवटच्या ओळीत दुसऱ्या घरात. ओळींचे आकडे वरून खाली २, ०, २, ०, १. रकान्यांना सरसकट १.

नवखा माणूस लगेच तंबू शोधायला लागतो. मी आधी गवत लावतो, म्हणजे तंबू कुठं येऊच शकत नाही ती घरं मारून टाकतो. शून्याच्या दोन ओळी गेल्या. ज्या घराला लागून एकही झाड नाही तेही गेलं. मग पहिल्या ओळीत उरली पहिलं, दुसरं आणि चौथं घर, आणि तंबू हवेत दोन. पहिलं-दुसरं चिकटून, दोन्हीकडं तंबू चालणार नाहीत. म्हणजे त्यातला एक कोणता ते मागाहून बघू, पण चौथ्या घरातला तंबू आत्ताच पक्का. तिसऱ्या रकान्यात तर एकच घर शिल्लक, अगदी खालचं, तिथं दुसरा. त्यानं शेवटच्या ओळीचा कोटा संपला, म्हणून पाचव्या रकान्यातला तंबू तिसऱ्या ओळीत गेला. तीन तंबू झाले आणि कुठंही अंदाज बांधावा लागला नाही.

एवढ्यात दाजींनी कागद ओढला. त्यांच्या हातात पेन होतं; या खेळात पेन घेऊन बसणाऱ्या माणसाला मी भितो. उरलेले दोन तंबू त्यांनी ठोकून दिले, पहिल्या ओळीत दुसऱ्या घरात आणि तिसऱ्या ओळीत पहिल्या घरात.

"झालं की! एवढ्यासाठी दुपार घालवलाव?"

खरं सांगायचं तर उत्तर दिसायला झकास होतं. ओळींचे आकडे बरोबर, रकान्यांचे बरोबर, कुणी कुणाला शिवत नाही, प्रत्येक तंबूशेजारी झाड. यापलीकडं माणूस काय तपासणार? म्हणून मी अशा वेळी प्रत्येक झाडापासून त्याच्या तंबूपर्यंत एक रेघ ओढतो. एका झाडाची एकच रेघ, एका तंबूला एकच रेघ. पहिल्या ओळीतल्या झाडाला दोन्ही बाजूंनी तंबू होते आणि त्या दोघांजवळ दुसरं कुठलंच झाड नव्हतं. एकालाच रेघ मिळाली. इकडं चौथ्या ओळीतलं, दुसऱ्या घरातलं झाड उघडंबोडकं.

"दाजी, या झाडाला कोण?"

"त्याला कशाला पाहिजे? तंबूंना झाडं मिळाली ना?"

"तंबू दुसऱ्याच्या झाडाला लागून असला तरी चालतं. पण त्याचं स्वतःचं एक झाड पाहिजे. या दोघांत एकच झाड आहे."

हे म्हणजे बांधावरच्या बाभळीचं भांडण झालं. दाजींनी स्वतः अशा भांडणात तहसीलच्या चकरा मारल्यात, त्यामुळं मुद्दा त्यांना लगेच कळला आणि तितक्याच लगेच त्यांनी तो नाकारला.

मी पहिल्या ओळीतला तंबू पहिल्या घरात घेतला; त्याला खालचं झाड मिळालं. तिसऱ्या ओळीतला दुसऱ्या घरात सरकवला. त्याच्या खाली ते उघडं झाड होतंच. पाच रेघा, पाच जोड्या.

दाजींना ही हलवाहलवी मंजूर नव्हती. त्यांनी पेन घेतलं आणि चौथ्या ओळीतलं ते झाड गिरगटून काळं केलं.

"तोडलं. आता कोण उघडं आहे सांगा."

"अहो, झाडं चार राहिली. तुमच्या हिशेबानं एक तंबू जास्तीचा झाला."

"असू द्या," दाजी म्हणाले, "पाव्हणे-रावळे येतात."